किलोमागे अर्धा मिलिग्रॅम

शाळेत मी सांगून ठेवलं होतं की मला कंबरेचा त्रास आहे आणि नागपूरला शेक घ्यायला जावं लागतं. चित्रकलेच्या सरांनी लगेच कुठल्याशा तेलाची बाटली आणून दिली आणि दर सोमवारी विचारायला लागले, लावता की नाही. मी लावतो म्हणायचो. त्या तेलाचा वास आपल्या अंगाला येत नाही, हे त्यांच्या लक्षात येईल म्हणून मी स्टाफरूममध्ये त्यांच्यापासून दोन खुर्च्या लांब बसायचो. खोटं बोलायला अक्कल लागते आणि ती त्या दिवसांत माझ्याकडे फारशी उरली नव्हती.

खरं कारण सांगायची सोय नव्हती. सावनेरसारख्या गावात माणसाला शुगर चालते, मूळव्याध चालते, दारूही एक वेळ चालून जाते. पण गणिताच्या सरांना डिप्रेशन? पक्की नोकरी, सासऱ्याची नरखेडकडे संत्र्याची बाग, शहाणी बायको. ज्याला सगळं मिळालं त्याने कशाला रडावं, असं मी स्वतःच दुसऱ्यांबद्दल म्हणत आलो होतो. आता वर्ष-दीड वर्ष माझी भूक गेली होती, झोप गेली होती, फळ्यावर अर्धं समीकरण लिहून पुढे काय ते सुचत नव्हतं. सासुरवाडीला गेलो की बायको मला विहिरीवरची मोटार सुरू करायला एकट्याला पाठवत नसे. नुसती पायात चप्पल सरकवून मागे यायची. तिच्या त्या चपलेच्या आवाजाची मला भयंकर लाज वाटायची.

नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरांनी तीन प्रकारच्या गोळ्या पुरेसे दिवस देऊन पाहिल्या. फरक पडेना. तेव्हा त्यांनी केटामाइनचं नाव काढलं. हे नाव मी आधी डॉक्टरांच्या तोंडून नव्हे, माझ्या धाकट्या भावाच्या संदर्भात ऐकलं होतं.

भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी लहान. नागपुरात लग्नाच्या लॉनवर आणि फार्महाउसच्या पार्ट्यांमध्ये साउंड लावायचं काम करतो. तिथे पोरं काय काय घेतात आणि हाही त्यातलं काय घेतो, हे दोन वर्षांपूर्वी त्याच्याच एका सोबत्याने आमच्या घरी येऊन सांगितलं होतं. तेव्हापासून मी त्याला नशेडी म्हणायचो. तोंडावर म्हणायचो आणि पाठीमागेही. शाळेत व्यसनमुक्तीची शपथ मीच द्यायचो, हात पुढे करून, चांगल्या खणखणीत आवाजात. आता तेच औषध माझ्या शिरेत जाणार होतं.

डॉक्टर म्हणाले, नाव एकच आहे, बाकी काही एक नाही. हे भुलीचं औषध, ऑपरेशनला कित्येक वर्षं वापरात आहे. डिप्रेशनसाठी त्याचा वापर नवा आहे, त्याच्यावर अजून तसा सरकारी शिक्का नाही, म्हणून तुमची संमती घ्यावी लागेल. भुलीसाठी लागतं त्याच्यापेक्षा पुष्कळ कमी द्यायचं, वजनाच्या दर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, तेही चाळीस मिनिटं हळूहळू पंपाने. आठवड्यातून दोनदा, काही आठवडे, मग अंतर वाढवत न्यायचं. गोळ्या बंद करायच्या नाहीत. सगळ्यांना गुण येतोच असं नाही आणि आला तरी टिकेलच असंही नाही. आधी त्यांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, घराण्यात कोणाला भ्रम वगैरे झाला होता का ते विचारलं. बीपी मला होतंच. ते गोळीने ताब्यात आहे हे पाहून मगच त्यांनी होकार दिला.

पहिल्या दिवशी माझ्या दंडाला पट्टा, बोटाला चिमटा, छातीला तारा. उशाशी ऑक्सिजनचं सिलिंडर आणि कोपऱ्यात भुलीचे डॉक्टर. पंप सुरू झाला आणि थोड्या वेळाने माझे हात कुठल्यातरी दुसऱ्या माणसाचे वाटायला लागले. छत लांब गेलं. भीती वाटली, पण तेवढ्यात सिस्टरचा आवाज आला की असं होतं, जातं, मी इथेच आहे. मग पट्टा पुन्हा फुगला. तो दर काही मिनिटांनी फुगायचा. नंतर दोन तास तिथेच बसवून ठेवलं. सोबत माणूस असल्याशिवाय सोडत नसत आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही, अशी सक्त ताकीद होती.

ही सिस्टर केरळची, पण नागपुरात वीस वर्षं काढलेली. दर खेपेला ती मला विचारायची, "लघवीला जळजळ होते का? सारखं जावं लागतं का? रक्त?" मला संताप यायचा. दुखणं मनाचं आणि बाई चौकशी करते लघवीची, तीही बायकोसमोर. मी एका शब्दात नाही म्हणून मान फिरवायचो. काहून विचारते, हे कधी विचारलं नाही. मास्तर प्रश्न विचारतो, त्याला प्रश्न विचारायची सवय नसते असं नाही, पण उत्तर आपल्याला माहीत नाही हे कबूल करायची नसते.

तिसऱ्या खेपेनंतर एक दिवस मी ताटातली आलूची भाजी संपवून आणखी मागितली. बायको स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्या दिवसापासून मला जी भीती बसली ती आजाराच्या भीतीपेक्षा मोठी होती. भाजीला पुन्हा चव लागते हे कळल्यावर ती पुन्हा जाईल ह्या विचाराने माणूस वेडापिसा होतो. एकही खेप चुकता कामा नये, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

आणि नेमकी एक चुकली. नरखेडला संत्र्याची तोड सुरू होती, सासऱ्याचा पाय मुरगळला होता, म्हणून बायको तिकडे गेली. मी एकटाच बसने निघालो. सोबतीला कोण असं विचारलं तर मागून येतो आहे म्हणू, असा बेत. सकाळपासून कडकडीत उपास धरला. रिकाम्या पोटी या म्हटलं होतं ना, मग मी पाण्याचा थेंबही घेतला नाही. आमची आई हरतालिका धरते तसा. आमच्याकडे उपास करायचा तर शिकस्त करायची रीत, सांगितल्यापेक्षा जास्त पाळलं म्हणजे पुण्य जास्त.

पट्टा फुगला आणि सिस्टरने डॉक्टरांकडे पाहिलं. बीपी चढलं होतं आणि चांगलंच. अर्धा तास निजवून ठेवलं, पुन्हा पाहिलं, तरी तेच. सकाळची बीपीची गोळी घेतली का, असं विचारलं. मी म्हणालो, तुम्हीच तर काही घ्यायचं नाही म्हणाला होता. डॉक्टर म्हणाले की ती गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, हे तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगितलं असेल. मी तेव्हा भिंतीकडे पाहत होतो, ऐकत होती ती बायको. गेले कित्येक दिवस पहाटे ती माझ्या तळहातावर काहीतरी ठेवायची आणि मी ते गिळायचो. पन्नाशीचा मनुष्य, पोरांना बीजगणित शिकवतो, आणि आपण काय गिळतो हे त्याला ठाऊक नाही. माझ्यासारखे नवरे विदर्भात घरोघरी आहेत, पण त्याने लाज कमी होत नाही.

डॉक्टर म्हणाले, आज देता येणार नाही. ह्या औषधानेच बीपी वर जातं, आधीच चढलेलं असताना दिलं तर धोका आहे. गोळी घ्या, परवा या, सोबत माणूस घेऊन या.

मी बिथरलो. मोठ्या आवाजात म्हणालो की पार्टीत पोरं हेच घेतात, त्यांचं बीपी कोण पाहतं?

"कोणी पाहत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला फरक विचारायचा होता ना, तो हाच आहे."

मग ते शांतपणे बोलत राहिले. इथे कुपीवर मात्रा लिहिलेली असते, तिथे पुडीत काय आणि किती आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. इथे त्रास झाला तर पंप त्या क्षणी थांबवता येतो, नाकातून ओढलेलं परत घेता येत नाही. इथे वर दारू नसते. इथे दोन खेपांत किती अंतर ठेवायचं हे मी ठरवतो, तिथे ते नशा ठरवते, आणि तेवढाच असर यायला दर वेळी जास्त लागायला लागतं. मी ऐकत होतो, पण कानांनी. परवा म्हणजे दोन दिवस. दोन दिवसांत ती चव गेली तर?

परतीच्या बसमधून मधेच मानकापूरला उतरलो तेव्हा मी काय करणार आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. भावाची खोली तिथेच होती. वर्षभरात मी तिची पायरी चढलो नव्हतो. दिवाळीला तो घरी आला नाही, आई रडली, तेव्हा मी म्हणालो होतो की नशेड्याला कसली दिवाळी.

त्याने दार उघडलं आणि मला पाहून दचकला. वाळला होता. आत साउंडच्या वायरी, पाण्याचा माठ आणि भिजवलेल्या सब्जाचा एक पेला. बस म्हणाला नाही, नुसती गादीवरची वायर उचलली. आईची चौकशी केली. मग जरा थांब म्हणून आत संडासात गेला. आला, दोन वाक्यं बोलला, पुन्हा गेला. मला वाटलं, आत जाऊन नशा करून राहिला. आणि लाज सोडून सांगायचं तर मला तेव्हा राग नाही आला, हेवा वाटला.

तो तिसऱ्यांदा बाहेर आला तेव्हा मी मागितलं. कसं मागितलं ते सगळं लिहवत नाही. धंतोलीची हकीकत सांगितली, डॉक्टर नाही म्हणाले ते सांगितलं, आणि म्हणालो, तुझ्याकडे असेल तर थोडी दे, फक्त आजच्यापुरती. ज्याला दारात उभा करत नव्हतो त्याच्यापुढे हात पसरला होता. हात खरंच पसरलेला होता, मी खाली पाहिलं तेव्हा दिसला.

तो हसेल अशी मी तयारी ठेवली होती. तो हसला नाही.

"नाही देत," तो म्हणाला. "दादा, त्यात काय राह्यते मले बी माहीत नाही गा. एका दिवशी काहीच होत नाही, दुसऱ्या दिवशी तेवढ्यातच माणूस लाकडावानी पडून राह्यते. मागं एका पोराले उताणाच ओकारी झाली. कोणाच्या ध्यानातच नाही. सगळेच गेलेले, कोण कोणाले पाहीन? मी वायर गुंडाळाले गेलो म्हून दिसला. तुह्यासारख्या बीपीवाल्याले मी देऊ?"

बोलता बोलता त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तो पुन्हा उठला. ह्या वेळी दार नीट लागलं नाही. आतून जो आवाज आला तो नशा करणाऱ्याचा नव्हता. दात-ओठ खाऊन दाबलेला कण्हण्याचा आवाज होता. तो बाहेर आल्यावर मी विचारलं, काय होतंय. तो म्हणाला, काही नाही, उन्हाळी लागली.

आमच्याकडे लघवीला आग झाली की तिला उन्हाळी म्हणतात आणि त्यावर औषधही ठरलेलं, सब्जा नाहीतर धन्याचं पाणी. आईने फोनवर त्याला तेच सांगितलं होतं आणि तो मुकाट्याने पीत होता. मीही एरवी तेच म्हटलं असतं. पण माझ्या कानात केरळी सिस्टर बोलायला लागली. जळजळ होते का, सारखं जावं लागतं का, रक्त? मी तिचेच तीन प्रश्न त्याच क्रमाने विचारले. तिन्हींना त्याने होकाराची मान हलवली.

"केव्हापासून?"

"पोळ्यापासून असन. थंडीत बी होती."

थंडीत उन्हाळी लागत नाही, एवढी अक्कल आम्हा दोघांपैकी कोणालाच आली नव्हती. मी विचारलं, दवाखान्यात का गेला नाहीस. तो म्हणाला, डॉक्टर विचारन ना काय घेतो म्हून. आणि मग खाली पाहत म्हणाला, "दिवाळीले मी काहून नाही आलो, तुले वाटलं असन तोंड दाखवाले लाजतो. बसमध्ये तासभर दम नाही निघत मले. दोनदा मानकापूरवरून बसलो आन् कोराडीले उतरून वापस आलो."

मला सिस्टरला उत्तर देताना फिरवलेली मान आठवली. ती प्रत्येक खेपेला का विचारत होती ते मला पुढे डॉक्टरांकडून कळलं: ह्या औषधाने मूत्राशयाची आतली साल निघते, जास्त आणि वारंवार घेणाऱ्याची तर फार, आणि ते वेळेत कळलं तरच थांबवता येतं. मला कोणी विचारत होतं म्हणून राग यायचा. त्याला विचारणारं कोणी नव्हतं आणि मी तर नव्हतोच नव्हतो.

दोन दिवसांनी मी गोळी घोटभर पाण्याबरोबर घेतली आणि सोबतीला भावाला नेलं. बीपी ठीक निघालं. पंप लावायच्या आधी मी डॉक्टरांना सांगितलं की त्या दिवशी इथून निघून मी ह्याच्याकडे पुडी मागायला गेलो होतो. सिस्टर तिथेच होती, भुलीचे डॉक्टरही. माझे कान तापले. डॉक्टर रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, सांगितलंत ते चांगलं केलंत, अशी ओढ वाटली तर मला फोन करायचा, आणि आपण खेपांचं पुन्हा बघू, तुम्हाला ही सवय लागता कामा नये. मग भावाला खुर्ची देऊन त्यांनी सगळं विचारलं. कधी सुरू झालं, किती दिवसांनी घेतो, रक्त केव्हा दिसलं. त्याने खरं सांगितलं. लघवीच्या डॉक्टरांना त्यांनी तिथूनच फोन लावला आणि भावाला म्हणाले, सब्जा प्या हवा तर, पण पहिलं औषध म्हणजे आता हे नाकाला लावायचं नाही. एकट्याने जमणार नाही असं वाटलं तर इथे या, त्याचेही उपचार आहेत.

सिस्टर सिरिंज भरत होती तेव्हा भाऊ उठून पंपाजवळ गेला. विचारलं, एवढंच? ती म्हणाली, सरांच्या वजनाला एवढंच, आणि तेही चाळीस मिनिटं. तो बराच वेळ त्या पंपाकडे पाहत उभा होता. नंतर मी तरंगायला लागलो. मधूनच पट्टा फुगायचा, मधूनच त्याची खुर्ची सरकल्याचा आणि दार लागल्याचा आवाज यायचा, आणि दर वेळी तो परत येऊन बसायचा.

दोन तासांनी आम्हाला सोडलं. सोबतच्या माणसाने घरापर्यंत पोचवायचं हा नियम, त्यामुळे तो सावनेरपर्यंत येणार होता. निघताना तीनदा जाऊन आला. गणेशपेठेच्या एसटी स्टँडवरून गाडी मिळाली ती नेमकी भरलेली, आणि अर्धी गाडी माझ्या ओळखीची. पुढच्या बाकावर दहावीच्या एका पोराचा बाप, मागे आमच्या शाळेतल्या शिपायाची बायको, आणि कंडक्टर तर माझा जुना विद्यार्थी, सर सर करत त्याने आम्हाला बसायला जागा करून दिली.

मानकापूर गेलं, कोराडी गेली. भावाने पुढच्या बाकाची दांडी धरली होती. पाटणसावंगीच्या अलीकडे मी त्याच्याकडे पाहिलं तर कपाळावर घाम आणि ओठ पांढरे. उतरतो म्हणाला, मागच्या गाडीने येतो. मला माहीत होतं तो मागच्या गाडीने सावनेरला येणार नाही, मानकापूरला जाईल.

माझं डोकं अजून जरा जड होतं. दांडी धरून मी उठलो आणि भर गाडीत कंडक्टरला म्हणालो, "गाडी थांबव, मला लघवीला जायचंय."

मग मागून हसू आलं. दहावीच्या पोराचा बाप म्हणाला, सर, शुगर चेक करून घ्या. कंडक्टरने बेल मारली. मी भावाचा दंड धरला, चक्कर येऊन राहिली, चल सोबत, असं म्हणालो, आणि त्याला पुढे घालून खाली उतरलो.

कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या शेताच्या कडेला तो उभा राहिला. मी त्याच्या आणि गाडीच्या मधे उभा राहिलो, गाडीकडे तोंड करून, म्हणजे सगळे मला पाहतील. तो कण्हत होता. बराच वेळ लागला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, खिडकीतून कोणीतरी काहीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा झाला. माझ्या जन्मात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती आणि मी तिथून हललो नाही.

"झालं का रे?" मी मान न वळवता विचारलं.

"थांब जरा, दादा."

मी हात वर करून ड्रायव्हरला अजून थांबायला सांगितलं.